'व्हॉट्स अप काका?' : मुलांच्या अभिवादनाला मोठ्यांनी काय उत्तर द्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठवी ते दहावीच्या मुलांना मराठी शिकवते. पालकसभेला हल्ली आईवडिलांइतकेच आजीआजोबा येतात, आणि सभा संपली की थांबून हाच विषय काढतात. नातू 'हे ब्रो' म्हणत घरात शिरतो, शेजारचा मुलगा लिफ्टमध्ये 'व्हॉट्स अप काका' म्हणतो, आणि यांना पटकन काही सुचत नाही. तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. घाईत असाल तर पहिले दोन प्रश्न वाचा, रोजचं काम त्यावर भागेल. पुढचे प्रश्न अडणाऱ्या जागांचे आहेत.

१. 'व्हॉट्स अप' म्हणजे मुलं नक्की काय विचारतात?

बहुतेक वेळा काहीच विचारत नाहीत. गावात सकाळी पिशवी घेऊन निघालं की ओट्यावर बसलेला माणूस म्हणतो, "काय, बाजाराला का?" हातातली पिशवी त्याला दिसत असते. आपण म्हणतो, "हो, आलोच जाऊन," आणि चालू लागतो. आपण काय आणणार, किती आणणार, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. दुपारी भेटलेल्याला आपण "जेवण झालं का?" विचारतो, तेही असंच. समोरच्यानं भाजी कोणती होती ते सांगायला सुरुवात केली तर आपणच गोंधळून जाऊ.

'व्हॉट्स अप' हे त्याच जातीचं वाक्य आहे. त्याचा अर्थ एवढाच की मी तुम्हाला पाहिलं, आणि न बोलता पुढे जायचं नाही म्हणून बोललो. माहितीसाठी नसलेल्या, फक्त माणसं जोडून ठेवणाऱ्या अशा बोलण्याकडे ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये लक्ष वेधलं आणि त्याला वेगळं नाव दिलं. त्यानं ट्रोब्रियंड बेटांवरच्या लोकांमध्ये राहून अभ्यास केला होता. पण हे बोलणं समजायला तितकं लांब जायला नको, आपल्या ओट्यावर ते रोज चालतं. व्हॉट्सॲप हे नावही याच अभिवादनावर केलेली कोटी आहे.

'सप', 'यो', 'हे', 'काय भावा', 'काय म्हणतोस', हे सगळे त्याचेच भाऊबंद. प्रत्येकाचा वेगळा अर्थ पाठ करायची गरज नाही. अपवाद प्रश्न ८ मध्ये आहेत.

२. मग उत्तर काय द्यायचं? मी "मी ठीक आहे, धन्यवाद" म्हणतो आणि तिथेच सगळं थांबतं.

उत्तर प्रश्नाइतकंच हलकं हवं, आणि त्याला पुढे एक छोटं शेपूट हवं. "निवांत. तू बोल." "मजेत रे. तुझं काय?" "चाललंय. तू कुठं निघालास?" तीन-चार शब्द पुरतात, आणि ते तुमच्या रोजच्या मराठीतले असले की पुरतात. प्रश्न इंग्रजीत आला म्हणून उत्तर इंग्रजीत द्यायचं बंधन नाही. मुलं स्वतः एका वाक्यात तीन भाषा वापरतात, त्यांना त्यात काही खटकत नाही.

"मी ठीक आहे, धन्यवाद" यात चूक काही नाही, पण तो पत्राचा सूर आहे. शिवाय 'धन्यवाद' म्हटलं की बोलणं मिटतं.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात सगळं आलं आहे. एका गृहस्थांना तिसऱ्या मजल्यावरून खाली येताना नववीतला शेजारचा मुलगा रोज भेटायचा. "व्हॉट्स अप काका?" असं तो म्हणायचा. हे म्हणायचे, "मी बरा आहे. तुझा अभ्यास कसा चाललाय? सहामाहीला किती पडले?" मुलगा "चांगला" म्हणून मोबाइलमध्ये बघायला लागायचा, आणि यांना वाटायचं, यानंच बोलायला सुरुवात केली आणि यानंच तोंड फिरवलं. झालं असं होतं की त्यानं ओट्यावरचा प्रश्न टाकला आणि बदल्यात त्याला तोंडी परीक्षा मिळाली. मी त्यांना म्हटलं, त्याच्या हातात काय आहे ते बघा आणि त्याबद्दल बोला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या खांद्याला बॅट होती. "निवांत. आज मॅच का?" "नाही काका, नेट्स." "कुठं?" "मागच्या ग्राउंडवर." तोवर तळमजला आला. एवढंच बोलणं झालं, पण ते पुरं झालं.

"आज मॅच का?" हे "बाजाराला का?" याचंच रूप आहे. बॅट, गिटार, ओले केस, नवे बूट, पाठीवरची जड सॅक, जे डोळ्यांना दिसतं ते विचारावं. मार्क, वजन, उंची, झोपेची वेळ आणि 'पुढे काय करणार', हे पाच विषय अभिवादनाच्या उत्तरात कधीच आणू नयेत. त्यांना वेगळी वेळ आहे.

३. आणि माझा गुडघा खरंच दुखत असेल तर? खोटं 'मजेत' म्हणू का?

खोटं बोलायची गरज नाही. "चाललंय, गुडघा जरा कुरकुरतोय. तुझं काय?" हे खरंही आहे आणि हलकंही. मुलगा पुढे "का, काय झालं?" म्हणाला तर तो आता खरंच विचारतो आहे, तेव्हा सांगा. नाही म्हणाला तर त्याला तुमची काळजी नाही असा अर्थ काढू नका. त्यानं पहिल्यांदा जे विचारलं होतं ते गुडघ्याबद्दल नव्हतंच.

४. नातू मला 'ब्रो' म्हणतो. मी त्याची आजी आहे! हे कसं घ्यायचं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्या आजींच्या आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त असतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

'ब्रो' हा 'ब्रदर'चा तुकडा, हे खरं. पण रोजच्या वापरात त्यातला भाऊ निघून गेला आहे. मुली मैत्रिणींना ब्रो म्हणतात, मुलगी आईला म्हणते, आणि पेन सापडत नसलं की मुलं एकटीच "ब्रो, कुठं गेलं!" म्हणतात. आपल्याकडे हे नवीन नाही. तुम्ही नातवाला म्हणता, "अरे बाबा, ऐक जरा." तो तुमचा बाबा नसतो. नात पाणी सांडते तेव्हा "अगं बाई, हे काय केलंस!" म्हणता, तेव्हा तिला बाई ठरवत नाही. "काय राव," "नको रे राजा," "बघ गड्या" यांतले राव, राजा आणि गडीही असेच नात्यातून सुटून बोलण्याच्या लयीत मिसळले आहेत. 'ब्रो' तिथेच जाऊन बसला आहे.

नातवानं तुम्हाला खरंच बरोबरीत ओढलं आहे का, ते पाहायचं असेल तर 'ब्रो' सोडून उरलेल्या वाक्याकडे बघा. "ब्रो, आजी, तू बघच हे!" म्हणणारा मुलगा तुम्हाला आजीच समजतो, ब्रो त्याच्या तोंडून उत्साहात निघाला आहे. एका घरात मी ऐकलं होतं, "ब्रो, आजोबा, तुम्ही कमाल आहात!" 'ब्रो' आणि 'तुम्ही' एकाच वाक्यात सुखानं नांदत होते. मान 'तुम्ही'त होता आणि जवळीक 'ब्रो'त.

उत्तर म्हणून फक्त "बोल रे" किंवा "काय रे?" म्हणा. 'ब्रो' या शब्दाला वेगळं उत्तर नाही, जसं 'अरे बाबा'ला नसतं. तरीही तो शब्द नकोच वाटत असेल तर प्रश्न ६ पहा.

५. मीही त्याला 'हे ब्रो' म्हणू का? जवळीक वाढेल?

माझं मत, म्हणू नका. आणि हे मत मी वर्गात स्वतः करून पाहिल्यावर झालं आहे. अशी बोली मुलांनी मुख्यतः आपापसांत ओळख पटावी म्हणून धरलेली असते. गणपतीत ढोलपथकाचा टी-शर्ट घालतात तसं. आपण तो शब्द वापरला की मुलं हसतात, पण ते हसणं लगेच विरतं आणि त्यांना कसं वागावं कळत नाही. मित्रांसमोर वापरला तर नातवाला लाजल्यासारखं होतं.

त्यापेक्षा तुमच्याकडे आहे ते काढा. "काय म्हणताय साहेब?" "या राजे." "बोला पंत." "काय गं भवानी, आज लवकर?" हे शब्द मुलांकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत, आणि तुमच्या तोंडी ते मुरलेले आहेत. माझ्या वर्गातली एक मुलगी आजोबांचं "काय म्हणतंय गाव?" इतकं उचलून बसली की आता मैत्रिणींनाही तसंच विचारते. शब्द असे दोन्हीकडे जातात.

एक सवलत आहे. तुमच्या दोघांत आधीपासून तसा खेळ चालू असेल, नातवानंच तो लावला असेल आणि घरातल्या घरात असेल, तर 'ब्रो' जरूर म्हणा. पण पहिल्यांदा बोलताना तो शब्द तोंडात अडखळत असेल तर तो आपला नाही.

६. हा उद्धटपणा आहे की नाही, कसं ओळखायचं? आणि आवडत नसेल तर सांगावं का?

शब्दावरून ओळखू नका, बाकीच्या तीन गोष्टी बघा. मुलानं तुमच्याकडे पाहिलं का, मोबाइल किंवा इयरफोन क्षणभर बाजूला केला का, आणि तुमच्या उत्तरासाठी थांबला का. या तिन्ही असतील तर 'यो आजोबा' हेही सभ्य अभिवादन आहे. तिन्ही नसतील तर 'नमस्कार आजोबा'ही कोरडंच.

बाहेरच्या मुलांबाबत अजून एक कारण लक्षात घ्या. मराठीत विचारपूस करायची तर 'कसा आहेस' की 'कसे आहात', हे आधी ठरवावं लागतं. शेजारच्या पन्नाशीच्या काकांना तू म्हणायचं की तुम्ही, हे चौदा वर्षांच्या मुलाला खरंच कळत नाही. 'तू' म्हटलं तर ओरडा बसेल, 'तुम्ही' म्हटलं तर फार परकं वाटेल. 'व्हॉट्स अप'मध्ये ही निवड करावी लागत नाही. मी मुलांना विचारलं तेव्हा दोघीतिघांनी अगदी हेच सांगितलं. आपल्याला जो आगाऊपणा वाटतो, तो कित्येकदा संकोच असतो. यावर सोपा उपाय आहे: "मला तू म्हटलंस तरी चालेल" किंवा "मला तुम्ही म्हण बाळा, मला ते बरं वाटतं," असं एकदा सांगून टाका.

न आवडणारा शब्दही असाच सांगावा. एकदा, एकट्याला, कारणासह. "ब्रो म्हणालास की मला परकं वाटतं, आजीच म्हण." दर वेळी तोंड वाकडं करण्यापेक्षा हे फार बरं. सणाला, पाहुण्यांसमोर, लग्नात वाकून नमस्कार किंवा हात जोडून नमस्कार हवा असेल तर तेही आधी सांगावं. प्रसंग ठरलेला असला की मुलं आढेवेढे घेत नाहीत.

७. मोबाइलवर 'sup', 'wyd', 'hru' असं येतं. हे काय आहे, आणि उत्तर कसं लिहायचं?

`sup` म्हणजे व्हॉट्स अपचाच आखूड तुकडा. `hru` म्हणजे कसे आहात. `wyd` म्हणजे काय करताय. `nm` म्हणजे काही विशेष नाही, आणि `wbu` म्हणजे तुमचं काय. शेवटची दोन अनेकदा जोडीनं येतात.

`wyd` वाचून काही जण "तुला काय करायचंय?" असं मनात म्हणतात. तो जाब नसतो, बहुधा मूल रिकामं बसलेलं असतं आणि त्याला गप्पा हव्या असतात. इथे उत्तर थोडं खरं द्यावं: "भाजी निवडतेय, तू काय करतोयस". चांगला चहा झाला असेल तर त्याचा फोटो पाठवा, तोही उत्तरच आहे. फुलांचं सुप्रभात चित्र मात्र या जागी नको, कारण ते सगळ्यांना जातं आणि मुलाला ते कळतं.

आता पूर्णविरामाबद्दल. आपण शाळेत वाक्य संपलं की पूर्णविराम द्यायला शिकलो, आणि मी आजही तेच शिकवते. पण मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तराला पूर्णविराम दिला की तो तुसडा वाटतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे तपासलं होतं. पूर्णविरामानं संपलेली छोटी उत्तरं विद्यार्थ्यांना कमी मनापासूनची वाटली, आणि तीच उत्तरं हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत दिली तेव्हा तसा फरक पडला नाही. कारण साधं आहे. मोबाइलवर 'पाठवा' दाबलं की वाक्य आपोआप संपतं, वरून ठिपका दिला तर तो मुद्दाम दिल्यासारखा दिसतो. "बरं." ऐवजी "बरं रे" लिहा, काम झालं. नुसता `k` किंवा नुसता अंगठाही बऱ्याच मुलांना 'आता पुरे' असा वाटतो.

`hii` किंवा `heyyy` मधली वाढीव अक्षरं चुकून पडलेली नसतात. तो लाडिक सूर आहे, "आजीऽऽ" अशी हाक मारतात तसा.

८. कधी 'व्हॉट्स अप' हा खरा प्रश्न असतो का?

असतो, आणि ही जागा चुकवू नये. तुम्ही गप्प बसला आहात, नात येऊन समोर बसते आणि सावकाश विचारते, "व्हॉट्स अप आजी?" ती जाता जाता बोललेली नाही, थांबली आहे, आणि आवाज खाली आला आहे. हे आपलं "काय झालं?" आहे. इथे 'निवांत' म्हणून उडवून लावलं तर तिला वाटेल की आपलं विचारणं आजीला नको आहे. खरं सांगा, नाहीतर "आत्ता नको, रात्री बोलू" म्हणा आणि रात्री बोला.

उलट्या बाजूनंही हेच. रोज दारातून ओरडत येणारा नातू एके दिवशी हळू आवाजात नुसतं "हे" म्हणाला, तर तुमच्या उत्तरात प्रश्न नको. "ये, बस. चहा टाकते," एवढंच पुरे.

दुसरा अपवाद 'काय सीन?' या मुंबई-पुण्याकडच्या विचारण्याचा. "आज काय सीन आहे?" म्हणजे आजचा बेत काय. त्याला माहिती हवी असते: कोण येणार, कुठं जाणार, किती वाजता. "मजेत" म्हटलंत तर तो पुन्हा विचारेल. कोल्हापूरकडच्या 'काय भावा' आणि 'काय विषय?' यांतही पहिलं अभिवादन असतं. दुसरं काही वेळा 'काय प्रकरण आहे' या अर्थानं येतं. कुठलं आहे ते चेहऱ्यावरून कळतं.

९. मी उत्तर दिलं आणि मुलगा काही न बोलता निघून गेला. माझं काही चुकलं का?

नाही. "बाजाराला का?" म्हणणारा माणूसही पुढे काही बोलत नाही. आपली हाक पोचली आणि तिला उत्तर मिळालं, त्याचं काम झालं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, तर सगळं ठीक आहे.

१०. तो मूठ पुढे करतो. मी हात मिळवायला गेलो आणि त्याची मूठच धरून बसलो.

मूठ पुढे आली की आपणही मूठ करायची आणि बोटांच्या पुढच्या पेरांनी अलगद टेकवायची. ठोसा नाही, दाब नाही, क्षणभर स्पर्श. संधिवात असेल तर उघडा तळवा पुढे करा, मुलं त्यावर टाळी देतात. मूठ हातात आलीच तर ती दोन्ही हातांनी धरून "काय रे" म्हणा. आपल्याकडे लहानांचा हात असाच धरतात, ते विचित्र दिसत नाही.

११. परदेशातल्या नातवंडांचं वेगळं आहे का?

थोडं आहे. अमेरिकेत वाढलेल्या मुलानं व्हिडिओ कॉलवर 'व्हॉट्स अप' म्हटलं तर त्याला 'नॉट मच' किंवा नुसतं उलट 'हे' ऐकायची सवय असते. प्रश्न २ मधलं मराठी उत्तर तिथेही चालतं. 'निवांत' या शब्दाचा अर्थ त्याला एकदा सांगून ठेवा, म्हणजे तोच तुमच्या दोघांचा शब्द होईल.

ब्रिटनमध्ये मुलं 'यू ऑलराइट?' म्हणतात. एका आजींनी याचा अर्थ 'तुझी तब्येत बरी दिसत नाही' असा घेतला आणि दोन दिवस त्या काळजीत होत्या. तेही अभिवादनच आहे. "हो रे, तू?" एवढं उत्तर त्याला पुरतं.

१२. घरात दुःखाचा प्रसंग होता आणि मुलाचा मित्र येऊन 'हे ब्रो' म्हणाला. आम्हाला फार लागलं.

लागणं साहजिक आहे. पण पंधरा-सोळाव्या वर्षी अशा घरात काय बोलायचं हे बहुतेक मुलांना कुणी शिकवलेलं नसतं. मोठ्यांनाही ते जमत नाही, म्हणून मोठे गप्प बसतात. मुलाला तेवढीच एक हाक येते, आणि तीच तो घेऊन येतो. ती तुमच्यासाठी नव्हती, तुमच्या मुलासाठी होती. तो त्यानंतर तुमच्या मुलाशेजारी किती वेळ बसला, ते आठवून बघा.

तो पुन्हा आला तर "ये बाळा, आत आहे तो," असं म्हणून त्याला आत जाऊ द्या.